बिलाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर आला. आता कोणी किती द्यायचे?

जेवण होते, एकजण सगळे पैसे भरतो, रात्री ग्रुपवर बिलाचा स्क्रीनशॉट येतो आणि खाली एक ओळ: "आपापले टाका रे." दुसऱ्या दिवशी ज्याने पैसे भरले त्याच्या खात्यात जमा झालेली रक्कम बघितली, तर ती बिलापेक्षा कमी असते. कोणी लबाडी केलेली नसते. प्रत्येकाने आपण खाल्लेल्या पदार्थांसमोरचे आकडे बेरीज करून पाठवलेले असतात आणि खालचा सर्व्हिस चार्ज आणि कर कोणाच्याच हिशेबात आलेला नसतो. मी स्वतः दोन-तीनदा असा फटका खाल्ल्यावर बिल वाटायची एक पद्धत पक्की केली, तीच इथे एका बिलावर करून दाखवतो.

बिल मुद्दाम थोडे अवघड घेतले आहे. चार मित्र आहेत, त्यांना अ, ब, क, ड म्हणू. ड ने स्वतःसाठी वेगळी डिश मागवली, दोन ड्रिंकही त्याचीच, आणि त्यातले बाकी कोणी काही घेतले नाही. आकड्यांपुढे चलन लिहिलेले नाही, तुमचे जे असेल ते समजा.

| पदार्थ | नग | दर | रक्कम |
|---|---|---|---|
| स्टार्टर | २ | २६० | ५२० |
| मेन डिश | २ | ३९० | ७८० |
| साइड डिश | ६ | ४० | २४० |
| खास डिश | १ | ६४० | ६४० |
| ड्रिंक | २ | १८० | ३६० |
| डेझर्ट | १ | २१० | २१० |
| पाणी | २ | ४० | ८० |
| सबटोटल | | | २८३० |
| सर्व्हिस चार्ज १०% | | | २८३.०० |
| कर ५% | | | १५५.६५ |
| राउंड ऑफ | | | ०.३५ |
| एकूण | | | ३२६९ |

आधी स्क्रीनशॉट नीट वाचा

वाटणी करायच्या आधी दोन मिनिटे बिल तपासण्यात घालवा, कारण पुढचा सगळा हिशेब या आकड्यांवर उभा आहे. फोनमध्ये स्क्रीनशॉट उघडून मोठा करा आणि पदार्थांच्या रकमा कॅल्क्युलेटरवर एकेक करून मिळवा. बेरीज सबटोटलएवढी आली पाहिजे. इथे ती २८३० यायला हवी.

नाही आली तर किती फरक आहे ते बघा, फरकच बहुतेक वेळा चूक कुठे आहे ते सांगतो. फरक एखाद्या पदार्थाच्या रकमेएवढा असेल तर ती ओळ सुटली आहे किंवा दोनदा धरली गेली आहे. लांब बिलाचे दोन स्क्रीनशॉट असले की पहिल्याची शेवटची ओळ दुसऱ्याच्या वरच्या टोकाला पुन्हा येते, तिथे हे हमखास होते. बेरीज बरीच कमी भरत असेल तर बहुधा नग दोन असलेल्या पदार्थाचा तुम्ही दर उचलला आहे, रक्कम नाही. दर आणि रक्कम हे दोन रकाने शेजारी शेजारी असतात आणि छोट्या स्क्रीनवर डोळा चुकतो.

आणखी एक जुनी हिशेबनिसांची खूण आहे. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या. मी हेच बिल उतरवताना ६४० च्या जागी ४६० लिहिले होते आणि बेरीज २६५० आली. फरक १८०. गंमत अशी की १८० हा ड्रिंकचा दरही आहे, त्यामुळे मी आधी ड्रिंक एकच धरले की काय म्हणून तिथेच शोधत बसलो. ड्रिंकची ओळ ३६० अशी बरोबर होती. मग ९ ने भागून पाहिले, पूर्ण भाग गेला, आणि अंक उलटे लिहिल्याचे लक्षात आले. ही खूण नुसता संशय दाखवते. शेवटी ओळी डोळ्याखालून घालाव्याच लागतात.

कोणती डिश कोणाची, हे आधी ठरवा

आता खालच्या कराकडे आणि सर्व्हिस चार्जकडे अजिबात बघू नका. प्रत्येक ओळीपुढे फक्त एवढेच लिहा की ती कोणाकोणात वाटायची आहे.

स्टार्टर चौघांनी खाल्ले, म्हणून ५२० चे चार भाग, प्रत्येकी १३०. पाणीही चौघांचे, प्रत्येकी २०. मेन डिश आणि साइड डिश ड ने घेतल्या नाहीत, त्याची स्वतःची डिश होती. म्हणून ७८० आणि २४० चे तीनच भाग, प्रत्येकी २६० आणि ८०. डेझर्ट ब आणि क ने अर्धे अर्धे खाल्ले, १०५ आणि १०५. खास डिशचे ६४० आणि ड्रिंकचे ३६० पूर्ण ड च्या नावावर.

बेरीज अशी येते:

- अ: १३० + २६० + ८० + २० = ४९०
- ब: तेच ४९० आणि डेझर्टचे १०५ = ५९५
- क: ब सारखेच, ५९५
- ड: १३० + २० + ६४० + ३६० = ११५०

चौघांची बेरीज २८३० आली पाहिजे. आली. नसती आली तर एखादी ओळ कोणाच्याच नावावर पडलेली नाही, किंवा तिघांत वाटायच्या डिशला चार ने भागले आहे. या टप्प्यावरची बेरीज जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढे गेल्यावर ही चूक करामध्ये मिसळते आणि सापडत नाही.

इथे एक प्रश्न हिशेबाचा नसून माणसांचा आहे: ड ने सामाईक पदार्थ खाल्ले का? "त्याने वेगळं मागवलं होतं ना" म्हणून त्याला सगळ्याच सामाईक डिशमधून काढून टाकतात, आणि त्याने स्टार्टर मात्र खाल्लेले असते. उलटेही होते: ड कडून त्याच्या डिशचे पैसे घेतातच, वर मेन डिशचा चौथा भागही लावतात. म्हणून माणसाला एकदम आत किंवा बाहेर न धरता ओळ धरून विचारा. ग्रुपवर असा मेसेज टाकलेला बरा: "ड, स्टार्टर आणि पाण्यात तुला धरतोय, मेन आणि साइडमध्ये नाही. बरोबर?" एक घास चाखला म्हणून कोणाला वाटणीत घेऊ नका, त्याला अंत नाही. अर्धीअधिक प्लेट संपवली असेल तर घ्या.

एकच गुणक काढा

आता खालच्या भागाकडे येऊ. सर्व्हिस चार्ज आणि कर हे टक्क्यांत आहेत, म्हणजे ते माणसांवर नाही, रकमेवर लागलेले आहेत. १०० च्या पदार्थावर जेवढा चार्ज लागला, त्याच्या दहापट १००० च्या पदार्थावर लागला. मग वाटणीही त्याच प्रमाणात झाली पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येकाचा कर वेगळा काढत बसायची गरज नाही. शेवटी भरलेली रक्कम भागिले सबटोटल, एवढा एकच भागाकार करा:

```
3269 / 2830 = 1.155124
```

म्हणजे मेनूवरच्या प्रत्येक १०० मागे प्रत्यक्षात साधारण ११५.५१ गेले. हा गुणक झाला. प्रत्येकाच्या बेरजेला त्याने गुणायचे:

- अ: ४९० चे ५६६.०१
- ब: ५९५ चे ६८७.३०
- क: ६८७.३०
- ड: ११५० चे १३२८.३९

एकूण ३२६९.००. राउंड ऑफचे पस्तीस पैसेही आपोआप वाटले गेले, कारण भागाकारात आपण शेवटची, खिशातून गेलेली रक्कम घेतली होती.

कोणी म्हणेल, १०% आणि ५% म्हणजे १५%, सरळ १.१५ ने गुणा. करून बघा: २८३० चे ३२५४.५० होतात, साडेचौदा कमी पडतात. या बिलात कर नुसत्या सबटोटलवर नाही, सर्व्हिस चार्ज मिळवून झालेल्या ३११३ वर लागला आहे, त्यामुळे खरा गुणाकार १.१० गुणिले १.०५, म्हणजे १.१५५ असा आहे. कर कशावर लागला हे ओळखायचे असेल तर कराची रक्कम दोन्ही आकड्यांनी भागून बघा. १५५.६५ ला २८३० ने भागले तर ५.५% येते, ३११३ ने भागले तर नेमके ५%. बिलावर छापलेली टक्केवारी ज्या भागाकारातून येते, तो पाया खरा. पण आपल्या पद्धतीत हे शोधावेही लागत नाही. क्रम कोणताही असो, शेवटची रक्कम भागिले सबटोटल केले की सगळे त्यात आलेले असते. कर दोन-तीन ओळींत तोडून दाखवला असला तरीही.

दोन चुका, ज्या बरोबर वाटतात

सगळ्यांना समान वाटले तर ८१७.२५ येतात आणि अ ला अडीचशे जादा पडतात, हे कोणालाही दिसते. त्यावर वेगळे बोलायला नको. लक्षात येत नाहीत त्या पुढच्या दोन.

पहिली: पदार्थ ज्याचे त्याला, पण खालचे चार्ज सगळ्यांत समान. चार्ज, कर आणि राउंड ऑफ मिळून ४३९ आहेत, चौघांत १०९.७५. अ चे होतात ५९९.७५, ब आणि क चे ७०४.७५, ड चे १२५९.७५. बेरीज ३२६९ जुळते, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण ड ला त्याच्या वाट्यापेक्षा ६८.६४ कमी लागले आणि ते बाकी तिघांनी भरले, त्यातही सगळ्यात जास्त अ ने, ज्याने सगळ्यात कमी खाल्ले होते. बेरीज जुळली म्हणजे वाटणी बरोबर झाली असे नाही.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. ड म्हणतो, "माझी डिश आणि ड्रिंक मिळून १००० झाले, ते मी देतो, उरलेलं वाटून घ्या." ऐकायला अगदी सरळ वाटते. पण मेनूवरचे १००० बिलात ११५५ झालेले आहेत. ड ने १००० दिले की वरचे १५५ "उरलेल्या" मध्ये राहतात आणि ज्यांनी ती डिश पाहिलीही नाही त्यांच्यात वाटले जातात. वेगळी डिश घेणाऱ्याचा यात दोष नसतो. त्याने मेनू बघून आकडा सांगितलेला असतो. एकूणातून मेनूचा आकडा वजा करणे हीच गडबड आहे. वजा करायचेच असेल तर आधी गुणकाने गुणा आणि मग वजा करा.

पूर्णांकात आणताना एक उरतो

पैशांतली रक्कम कोणी पाठवत नाही. जवळच्या पूर्णांकात आणले तर ५६६, ६८७, ६८७, १३२८ होतात. बेरीज ३२६८, एक कमी. हे नेहमीच होते असे नाही, पण झाले की पैसे भरणाऱ्याच्या अंगावर पडते.

यावर सोपा उपाय आहे: सगळ्यांच्या रकमेतला दशांश भाग कापून टाका, मग जेवढे कमी पडले तेवढे, ज्यांचा दशांश भाग सर्वांत मोठा त्यांना एकेक वाढवा. इथे .०१, .३०, .३० आणि .३९ यांत ड चा सर्वांत मोठा, म्हणून ड चे १३२९. आता ५६६ + ६८७ + ६८७ + १३२९ = ३२६९. सगळ्यांचे वरच्या पूर्णांकात न्यायचे म्हटले तर इथे बेरीज ३२७२ होईल आणि भरणाऱ्याला तीन जादा मिळतील. मित्रांत चालतेही ते, पण आधी सांगून करा.

नेहमीचाच ग्रुप असेल तर शीटमध्ये एकदा मांडून ठेवा. B2 ते B5 मध्ये चौघांच्या बेरजा, B6 मध्ये `=SUM(B2:B5)`, B7 मध्ये भरलेली रक्कम. मग C2 मध्ये हे लिहून खाली C5 पर्यंत ओढा:

```
=ROUND(B2*$B$7/$B$6, 0)
```

डॉलरची चिन्हे विसरलात तर खाली ओढताना B6 आणि B7 सुद्धा सरकतात आणि दुसऱ्या ओळीत ० आणि त्याखाली #DIV/0! दिसू लागते. C रकान्याची बेरीज B7 शी ताडून बघा, एक-दोनचा फरक वर सांगितल्याप्रमाणे मिटवा.

एक गुणक कधी पुरत नाही

ही पद्धत एका गृहीतावर चालते: सगळ्या पदार्थांवर सारख्याच दराने कर आणि चार्ज लागला आहे. बऱ्याच ठिकाणी मद्यावर वेगळा कर असतो आणि बिलात तो वेगळ्या ओळीत दिसतो. तेव्हा एकच गुणक वापरला तर ड च्या ड्रिंकवरचा जादा कर सगळ्यांत पातळ होऊन पसरतो.

समजा याच बिलात जेवणावर ५% आणि ड्रिंकवर २०% कर असता, सर्व्हिस चार्ज दोन्हीवर १०%. मग जेवणाचा गुणक १.१५५ राहतो आणि ड्रिंकचा १.१० गुणिले १.२०, म्हणजे १.३२ होतो. ड चे जेवण ७९० चे, त्याचे ९१२.४५, ड्रिंक ३६० चे, त्याचे ४७५.२०. मिळून १३८७.६५. सगळे बिल ३३२८.०५ होते आणि एकच गुणक लावला असता तर ड चे १३५२.३९ आले असते. पस्तीसचा फरक. म्हणजे बिलात कराचे दोन वेगळे दर दिसले की पदार्थांचे दोन गट करा, प्रत्येक गटाचा सबटोटल आणि गुणक वेगळा काढा, आणि शेवटी मिळवा. काही बिलांवर ओळीच्या टोकाला एखादे अक्षर किंवा खूण असते आणि खाली कराच्या ओळीपुढे तीच खूण असते. गट पाडायला ती उपयोगी पडते.

दुसरा प्रकार उलटा आहे. कधी मेनूच्या दरातच कर धरलेला असतो आणि बिलाच्या तळाशी "यात एवढा कर" असे फक्त माहितीसाठी छापलेले असते. सबटोटल अधिक चार्ज अधिक कर यांची बेरीज एकूणपेक्षा जास्त येत असेल, आणि जास्तीचा आकडा बरोबर कराएवढा असेल, तर तसेच बिल आहे असे समजा. कर पुन्हा मिळवू नका. गुणकाची पद्धत इथे जशीच्या तशी चालते, कारण आपण शेवटच्या रकमेला पदार्थांच्या बेरजेने भागतो.

सवलतीचेही दोन प्रकार. पूर्ण बिलावर कूपन लागले असेल तर काही करू नका, गुणक तेवढा लहान होतो आणि प्रत्येकाला आपल्या प्रमाणात फायदा मिळतो. फक्त पदार्थांची बेरीज घेताना ती सवलतीच्या आधीची घ्या, आणि वरची रक्कम प्रत्यक्ष भरलेली. सवलत एकाच पदार्थावर असेल, एकावर एक फुकट वगैरे, तर ती त्या पदार्थाच्या ओळीतून आधी वजा करा, म्हणजे ज्यांनी तो खाल्ला त्यांनाच ती मिळेल. टेबलाचा माणशी ठरलेला चार्ज असेल तर तो मात्र गुणकातून बाहेर काढा आणि सरळ डोई समान वाटा. त्याचा खाण्याशी संबंध नाही. त्यावर कर लागला असेल तर त्याचा करही त्याच्याबरोबर काढा.

निघताना टेबलावर रोख टीप ठेवली असेल तर ती स्क्रीनशॉटमध्ये येत नाही आणि ज्याने ठेवली तो बहुतेक वेळा गप्प बसतो. पैसे भरणाऱ्यानेच ठेवली असेल तर ती ३२६९ मध्ये मिळवून मगच गुणक काढा. दुसऱ्या कोणी ठेवली असेल तरीही तसेच करा, आणि त्याच्या वाट्यातून ती रक्कम वजा करा.

ग्रुपवर काय टाकायचे

नुसते शेवटचे आकडे टाकले की "माझे एवढे कसे?" सुरू होते. प्रत्येकाची मेनूवरची बेरीज आणि गुणक दोन्ही दिसू द्या, म्हणजे कोणालाही स्वतः तपासता येते. अ ने पैसे भरले असतील तर त्याचा मेसेज साधारण असा:

"एकूण ३२६९, सबटोटल २८३०, म्हणजे १.१५५ पट. ब: ५९५ चे ६८७. क: ५९५ चे ६८७. ड: ११५० चे १३२९ (खास डिश, दोन ड्रिंक, स्टार्टर आणि पाण्याचा चौथा भाग). माझे ५६६ मी धरलेत. डेझर्ट ब आणि क मध्ये धरलंय, चुकलं असेल तर पैसे पाठवायच्या आधी सांगा."

शेवटचे वाक्य गाळू नका. एकाने पैसे पाठवल्यावर "अरे, डेझर्ट मीपण खाल्लं होतं" असे अ च्याच लक्षात आले तर चौघांपैकी तिघांचे आकडे बदलतात, आणि ब आणि क ला चाळीसच्या आसपास परत पाठवत बसावे लागते.